जुनं सिम कचऱ्यात टाकणाऱ्या माणसाला कुणी काउंटरवर बसवलं?

आज मला खरंच राग आलाय आणि तो इथे काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

माझी आई नारायण पेठेत गेली वीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, चिवडा, अनारसे, सगळं घरात. तिचा सगळा धंदा एका छोट्या नोकियाच्या बटणाच्या फोनमध्ये होता. ना ब्लूटूथ, ना मेमरी कार्ड, ना कॉम्प्युटरला जोडायची केबल. कोण गिऱ्हाईक, कुठे राहतं, कुणाला काय चालत नाही, हे सगळं नावांमध्ये आणि जपून ठेवलेल्या मेसेजमध्ये. बॅटरी फुगली, फोन सारखा बंद पडायला लागला, म्हणून तिला नवा स्मार्टफोन घेतला. नव्या फोनला नॅनो सिम लागतं आणि तिचं सिम जुनं, मोठ्या आकाराचं. म्हणून आम्ही कंपनीच्या गॅलरीत सिम बदलून घ्यायला गेलो. तिथून हा सगळा तमाशा सुरू झाला.

काउंटरवरच्या मुलाला मी स्पष्ट विचारलं, "यातले नंबर नव्या सिममध्ये येतील ना?" तो मान वर न करता म्हणाला, "हो मॅडम, ऑटोमॅटिक येतात." आणि आईचं जुनं सिम त्यानं टेबलाखालच्या डब्यात टाकून दिलं. टाकून दिलं! मी म्हटलं, ते द्या परत. तर म्हणे, "ते आता डेड आहे, त्यात काही राहत नाही." मी वाकून स्वतःच्या हातानं डब्यातून ते शोधून काढलं.

दोन वाक्यं बोलला आणि दोन्ही खोटी. नंबर ऑटोमॅटिक येत नाहीत. सिममध्ये साठवलेली नावं त्या चिपमध्ये असतात, कंपनीच्या सर्व्हरवर नाही. नवं कार्ड तुमचा तोच मोबाइल नंबर घेऊन येतं, पण आतून कोरं असतं. आणि जुनं सिम 'डेड' होतं म्हणजे फक्त नेटवर्क त्याला ओळखत नाही. कॉल लागत नाही, एसएमएस जात नाही, वर रेंजची दांडी येत नाही, बस. चिपमधली नावं जिथल्या तिथे असतात. ते सिम ज्यात बसतं अशा साध्या फोनमध्ये घाला, कॉन्टॅक्ट उघडा, सगळे दिसतात. रोज शंभर लोकांची सिमं बदलणाऱ्या माणसाला एवढं माहीत नसावं? आणि माहीत नाही तर 'माहीत नाही' म्हणावं, डब्यात काय टाकता!

घरी येऊन नवा फोन लावला. कॉन्टॅक्ट शून्य. आईचा चेहरा मला बघवेना.

मग जुना फोन चालू करायला घेतला, तर फुगलेल्या बॅटरीमुळे मागचं झाकणसुद्धा बसेना. फुगलेली बॅटरी चार्जला लावायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन BL-5C बॅटरी आणली. ही बॅटरी नोकियाच्या कितीतरी मॉडेलना चालायची, त्यामुळे अजून मिळते. फोन चालू झाला, पण सिमशिवाय नुसतं सिम घाला म्हणत बसला. डब्यातून काढलेलं तेच सिम आत घातलं आणि फोन उघडला. म्हणजे ते सिम मी सोडून आले असते, तर दुसरं मोठं सिम मिळेपर्यंत या फोनचं दार बंदच राहिलं असतं.

इथपर्यंत मी एकटीनं केलं होतं. पुढे मात्र घराजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले, आणि तीच माझी चूक झाली. त्याला म्हटलं, हे सगळे नंबर नव्या फोनमध्ये हवेत. त्यानं आधी कटर उचलला, सिम कापून नॅनो करायला. मी ओरडलेच. जुन्या कार्डावरचे सोनेरी पट्टे नॅनोच्या आकारापेक्षा मोठे असू शकतात. सुरी थोडी इकडेतिकडे गेली की आतली चिप किंवा तिच्या तारा तुटतात, मग ते जगातल्या कुठल्याच फोनमध्ये वाचता येत नाही. ज्या सिमची दुसरी प्रत कुठेही नाही, ते कापायला घेतं का कुणी?

कटर ठेवला आणि म्हणाला, "मग फोनमधले सगळे आधी सिमवर घेतो." मी काही बोलायच्या आत त्याची बोटं मेन्यूत शिरली होती.

इथे थोडं नीट सांगते, कारण सगळा घोळ इथेच आहे. अशा फोनमध्ये नंबर दोन ठिकाणी राहतात, काही सिममध्ये, काही फोनच्या स्वतःच्या मेमरीत. यादी मात्र एकत्रच दिसते, त्यामुळे कुठला कुठे आहे ते कळत नाही. कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये Memory status असतं, तिथे कुठे किती आहेत ते दिसतं. आईच्या सिममध्ये १७१ होते आणि फोनमध्ये ११३. सिमची क्षमता होती २५०. सिममध्ये एका नावाला एकच नंबर बसतो आणि नावाची लांबी ठरलेली असते. आईच्या सिममध्ये इंग्रजी १४ अक्षरं. मराठीत लिहिलं तर आणखी कमी, काही फोनवर काना-मात्रा वेगळे धरून जेमतेम सहा, म्हणजे 'जोशीकाकू'चं 'जोशीका' होतं. फोनच्या मेमरीत मात्र मोठं नाव बसतं आणि एकाच नावाखाली दोन-तीन नंबरही राहतात. म्हणून सिममधून फोनमध्ये नेलं तर काही हरवत नाही, पण फोनमधून सिमवर नेलं की नाव कापलं जातं आणि फक्त मुख्य नंबर जातो.

फोन विचारतो, Keep original की Move original. या माणसानं Move original दाबलं. न वाचता. म्हणजे सिमवर प्रत करून फोनमधलं मूळ पुसून टाक. रिकाम्या ७९ जागा भरल्या, सिम भरलं, उरलेले ३४ फोनमध्येच राहिले. तो म्हणाला, "झालं काम, तीनशे रुपये." मी विचारलं, हे ३४ का राहिले? तर म्हणे, "ते करप्ट असतील." करप्ट! जागा संपली हो, जागा! समोर स्क्रीनवर लिहून आलं होतं!

घरी येऊन आईनं यादी बघितली आणि म्हणाली, "अगं, कुलकर्णी दोनदा कसे?" आईचे एक Kulkarni Karve Nagar होते आणि एक Kulkarni Karve Road. १४ अक्षरांत दोघांचंही झालं Kulkarni Karve. यातल्या एका घरात लहान मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांच्या चिवड्यात आई एक दाणा पडू देत नाही. कुठले कुलकर्णी, ते आता नावावरून कळायला मार्ग नाही. अशी ७९ नावं त्यानं दहा सेकंदांत छाटली, आणि त्यातल्या काहींचे घरचे नंबर कायमचे गेले.

वाचवलं ते मेसेजनी. मेसेज सिममध्ये फारच थोडे बसतात, आईच्या सिमवर चारच निघाले, तेही कंपनीचे. तिच्या कामाचे ६४ मेसेज फोनच्या मेमरीत होते आणि सुदैवानं दुरुस्तीवाल्यानं त्यांना हात लावला नव्हता. "काकू, चिवड्यात दाणे नकोत" हा मेसेज उघडला. नावाच्या जागी अर्थातच Kulkarni Karve. पण ऑप्शन्समध्ये पाठवणाऱ्याचा नंबर बघता येतो, तो घेतला आणि दोन कुलकर्ण्यांच्या नंबरांशी ताडून पाहिला. शेवटचे चार आकडे जुळले. तेव्हा कुठे आईनं श्वास सोडला.

हे ६४ मेसेज बाहेर कसे काढायचे? दुरुस्तीवाला म्हणाला होता, "सॉफ्टवेअरनं निघतील, पंधराशे पडतील." ज्या फोनला साधी केबलही जोडता येत नाही, तो पुन्हा त्याच्या हाती द्यायची माझी हिंमत नव्हती. एकेक मेसेज पुढे पाठवावा, तर जुन्या सिमवरून जात नाही. नवं नॅनो अडॅप्टरमध्ये बसवून घालावं, तर ते अडॅप्टर आत अडकून पिना वाकवू शकतं. शिवाय पुढे पाठवलेल्या मेसेजवर मूळ तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव राहत नाही. शेवटी मी खिडकीत बसून एकेक मेसेज उघडला आणि नव्या फोननं त्याचा फोटो काढला. मेसेजचा एक, त्याखालच्या नंबर-तारखेचा एक. दीड तास गेला, पण एकही मेसेज हरवला नाही. त्या ३४ नावांचेही असेच फोटो काढले आणि ती हातानं नव्या फोनमध्ये भरली.

सिममधल्या २५० नावांसाठी कुणालाही पैसे द्यायची गरज नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कपाटात मोठ्या सिमचा जुना अँड्रॉइड पडला होता. त्यात सिम न कापता घातलं, कॉन्टॅक्टमध्ये जाऊन इम्पोर्ट केलं, मग सगळ्यांची एक .vcf फाइल केली आणि ब्लूटूथनं नव्या फोनवर पाठवली. फाइल उघडली की नावं आपोआप भरली जातात. दहा मिनिटं लागली. तीनशे रुपये घेऊन आईची नावं छाटण्याऐवजी त्या दुकानात हे करता आलं असतं, कारण असे जुने फोन त्याच्या काचेखाली चार पडलेले मला दिसत होते.

मी परत जाऊन त्याला दोन्ही कुलकर्णी दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, नंबर तर आले ना?"

७९ पैकी ६१ जणांची ओळख मेसेजवरून आणि आईच्या जुन्या वहीवरून लागली. राहिलेल्या १८ जणांना ती रोज संध्याकाळी एकेक करून फोन लावते. आत्ताही बाहेरच्या खोलीतून आवाज येतोय, "मी नारायण पेठेतून फराळवाल्या काकू बोलतेय. माफ करा हं, पण तुम्ही कोण?"