तक्रार नाही, म्हणून प्रश्नही नाही?

«ज्याला त्रास होतोय त्यानं लेखी तक्रार द्यावी. तोवर एचआरनं आणि बाकीच्यांनी मध्ये पडू नये. मॅनेजर कडक असतातच. अगदीच जमत नसेल तर ज्युनिअरची टीम बदलून द्यावी, विषय संपतो.»

मॅनेजर ज्युनिअरचा छळ करतो तेव्हा काय करावं, यावरचा हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातले दोघं एचआरमधलेच. मीही बरीच वर्षं तेच काम करतोय, म्हणून लिहितो.

आधी तक्रारीचं बघू. ज्युनिअरची रजा, अप्रेझल, पुढच्या नोकरीसाठीचा शब्द, सगळं त्याच मॅनेजरच्या हातात असतं. अशा माणसाकडून सहीनिशी कागद मागायचा आणि तो आला नाही की सगळं आलबेल आहे असं धरायचं, ही सोय एचआरची आहे. एचआरला कानावर आलेली गोष्टही स्वतःहून तपासता येते. त्या टीममधून वर्षभरात किती जण गेले, बदलीचे अर्ज कुणाकुणाचे आले, एक्झिट इंटरव्ह्यूत एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय का, हे सगळं आपल्याच फायलींत असतं. मी पाहिलेल्या एका प्रकरणात सोडून गेलेल्या चौघांनी «वैयक्तिक कारण» लिहिलं होतं. चौघंही त्याच मॅनेजरकडे होते आणि एकही जण वर्षभर टिकला नव्हता. यावरून मॅनेजर दोषी ठरत नाही, पण चौकशीला एवढं पुरतं.

त्याच प्रकरणात एका सहकाऱ्यानं जे केलं ते मला अजून लक्षात आहे. तो तावातावानं आमच्याकडे आला नाही. त्यानं सहा आठवडे टिपणं ठेवली होती. त्यातलं एक साधारण असं: गुरुवारचा रिव्ह्यू, सकाळी साडेअकरा, हजर नऊ जण. ज्युनिअरच्या तक्त्यात एका रकान्याची बेरीज चुकली. मॅनेजर म्हणाले, «डोक्यात भुसा भरलाय का? तुला घेतलं कुणी?» आधीच्या गुरुवारी तीच चूक एका सिनिअरकडून झाली होती, तेव्हा ते म्हणाले होते, «दुरुस्त करून पाठव.»

कडकपणा आणि छळ यांतला फरक या टिपणात आपोआप दिसतो. कडक मॅनेजर चुकीवर बोलतो, सगळ्यांना एकच माप लावतो आणि काय सुधारायचं ते सांगतो. इथे चूक एकच होती, मापं दोन होती, आणि बोलणं बेरजेवर नव्हे तर माणसावर होतं. «सर फार वाईट वागतात» एवढंच त्यानं लिहिलं असतं तर आम्हाला काहीच करता आलं नसतं. शिवाय त्यानं चोरून रेकॉर्डिंग केलं नाही, हेही बरं झालं. त्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, आणि बऱ्याचदा मूळ प्रकार बाजूला राहून रेकॉर्डिंगचीच चौकशी सुरू होते.

टिपणं ठेवायला सुरुवात केली तेव्हाच तो मीटिंगनंतर ज्युनिअरजवळ गेला होता. «मी ऐकलं, ते बरोबर नव्हतं. मी एचआरशी बोललो तर तुला चालेल का?» असं त्यानं विचारलं. ज्युनिअरला होकार द्यायला महिना लागला. तेवढं थांबणं योग्यच होतं. मारहाण, धमकी किंवा जिवाला धोका असता तर थांबायचं नसतं. आणि छळ म्हणजे वारंवारच घडायला हवा असंही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या करार क्रमांक 190 मध्ये एकदाच घडलेलं वर्तनही धरलेलं आहे.

एचआरनं इथे दोन चुका टाळायच्या. पहिली, «कुणालाही कळणार नाही» असं वचन देणं. चौकशी झाली की मॅनेजरला आरोप कळणारच. म्हणून «गरज असलेल्यांनाच कळेल» एवढंच म्हणावं. दुसरी, त्याच मॅनेजरच्या वरिष्ठाकडे चौकशी सोपवणं. त्या साखळीबाहेरचा माणूस हवा. त्यानं साक्षीदारांना वेगवेगळं भेटावं, आणि मॅनेजरला तारखेनिशी प्रसंग लेखी देऊन त्याचीही बाजू नीट ऐकावी. आमच्या मॅनेजरनं भुशाचं वाक्य नाकारलं, पण हजर नऊ जणांपैकी पाच जणांनी ते जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं.

आता टीम बदलण्याचा उपाय. यात हलवला जातो तो त्रास सोसलेला माणूस, आणि त्याच्या जागी पुढचा ज्युनिअर येतो. वरचे चौघं असेच एकामागून एक आलेले होते. ज्युनिअरनं स्वतः बदली मागितली तर जरूर द्यावी. एरवी चौकशी चालू असेपर्यंत त्याचा रिव्ह्यू आणि अप्रेझल दुसऱ्याकडे द्यावं, मॅनेजरचा त्याच्याशी एकट्यानं संबंध येऊ देऊ नये.

निकालानंतरही फाईल लगेच बंद करायची नसते. सूड उघड घेतला जात नाही. चांगलं काम हळूच काढून घेतलं जातं, मीटिंगचं बोलावणं येत नाही, रजा अडकते. आम्ही तीन महिने दर महिन्याला ज्युनिअरला भेटायचो, आणि टिपणं ठेवणाऱ्या सहकाऱ्यालाही. दुसऱ्या महिन्यात त्या सहकाऱ्याचं नाव एका प्रोजेक्टच्या यादीतून गळलेलं दिसलं. कारण विचारल्यावर कुणालाच सांगता येईना, आणि आठवड्याभरात ते परत आलं.