7/12

हॉल्टिंगचं बिल अजून माझ्या टेबलावर पडून आहे, म्हणून राग ताजा असतानाच लिहून टाकतो.

बुटीबोरीला आमचं गोदाम. मे महिना, पारा 45 च्या आसपास, त्यात मीटिंग. बोर्डावर मुख्य मजकूर उमटला तेव्हा मी ट्रान्सपोर्टरचा फोन घ्यायला बाहेर होतो आणि स्टोअरचे वानखेडे समोसे कुठे अडकले ते पाहायला. संध्याकाळी साहेबांनी ग्रुपवर बोर्डाचा फोटो टाकला. सोबत एक अक्षर नाही. पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे वर. त्यात आमचेही दोन. अंगठा दिल्यावर "साहेब, हे काय आहे?" असं विचारायची सोय उरत नाही.

फोटोत ठळक अक्षरांत 7/12. त्याखाली गोलात 5, गोलातून बाण 'गेट 2' कडे. उजवीकडे एक चौकोन, त्यावर फुली. मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग. बोर्डासमोर सरळ उभं राहून फ्लॅश मारला की तो असाच उलटून कॅमेऱ्यात येतो. जरा बाजूला सरकून, फ्लॅश बंद करून काढला असता तर डागाखालचं वाचता आलं असतं. पण साहेबांना हे सांगणार कोण?

बाहेर पानठेल्यावर आम्ही दोघं फोटो पाहत उभे होतो.

"जमीन घेऊन राह्यले," वानखेडे हळूच म्हणाले.

"कशावरून?"

"सातबारा लिहिला आहे ना भाऊ! पाच एकर. गेट 2 च्या मागचं वावर. अन् ही फुली म्हणजे त्याच्यावर बोजा आहे, बँकेचा."

मी म्हटलं, उद्या 12 गाड्या आहेत. 7 गेट 1 ला लागतील, उरलेल्या 5 गेट 2 ला. बारातून सात गेले, पाच उरले. फुली म्हणजे उधारीचा माल चढवायचा नाही. यात न पटण्यासारखं काय आहे?

खर्रा घोटता घोटता ठेलेवाल्यानं मान पुढे केली. "दाखवा बरं जी." मोबाइल हातात घेतला, चुन्याच्या बोटांनी फोटो ताणला, परत आखडला, आडवा केला. स्क्रीनवर चुन्याचा एक नवा बाण तयार झाला. बराच वेळ बघून म्हणाला, "माणसं कमी करून राह्यले साहेब. बारातून सात ठेवणार, पाचाले गेट दाखवणार. बाण पाहा ना, बाहेरच चालला तो."

आम्ही दोघं गप्प. आमच्या हापिसात माणसं नेमकी बारा.

"अन् फुली?" वानखेडेंचा आवाज बसला होता.

"ते फुली जुनी आहे जी. फिक्की पडली. हे आजचं लिवलेलं नाही."

इथे मात्र माणूस बरोबर बोलला होता, आणि आम्ही त्याला हसलो. आमच्या बोर्डावरचं कधी पूर्ण पुसलंच जात नाही. शाई दिवसेंदिवस वाळत राहते, मग कोरड्या फडक्यानं घासतात, आणि मागच्या मीटिंगचं भूत मागे राहतं. त्यावरच मार्कर गिरवून लगेच पुसलं की जुनी शाई सुटते. पण ते करायचं कोणी? आमच्याकडे फडकं कोणाच्या ताब्यात असावं यावरच एकदा मीटिंग झाली होती. ठेलेवाल्यानं खऱ्ऱ्याचे पैसे घेतले, सल्ल्याचे नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी दहाला 12 गाड्या बोलावल्या, दोन गेटवर वाटून. बारा वाजले तशी हमालांनी पाठ टेकली. साहेबांनी बोर्डावर लिहिलं होतं ते लोडिंगचं वेळापत्रक. उन्हामुळे सकाळी 7 ते 12, मग संध्याकाळी 5 पासून, गेट 2 ला, तिथे शेडची सावली येते म्हणून. 'ते' च्या जागी तिरकी रेघ आणि 'वाजता' फ्लॅशच्या डागाखाली. फुली मागच्या महिन्याच्या कुलरची होती. नामंजूर झालेला कुलर.

अर्ध्याहून जास्त गाड्या दुपारभर तापत उभ्या राहिल्या. ड्रायव्हर ट्रकखाली झोपले आणि ट्रान्सपोर्टरनं हॉल्टिंग लावलं.

"विचारायचं होतं ना," साहेब म्हणाले. कोणाला? माझं गणित अजूनही जुळतं. शाळेत याच उत्तराला पूर्ण मार्क मिळाले असते. फोटोखाली "लोडिंगची वेळ" एवढे दोन शब्द टाकायला साहेबांच्या अंगठ्याला काय झालं होतं?

वानखेडेंनी तोवर वावराचा डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढूनही आणला होता. फी 15 रुपये. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "राहू द्या, कामी येईल." त्यांचं 15 रुपयांचं व्हाउचर त्याच दिवशी पास झालं.