‘आपल्याकडं आहे की!’ म्हणणाऱ्यांसाठी काही सूचना

गेल्या रविवारी आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या सभामंडपात व्याख्यान झालं. विषय स्वावलंबन. वक्ते बाहेरगावाहून मागवले होते, ते असो. दीड तास बोलले, आणि त्यातला पाऊण तास एकाच मुद्द्यावर गेला: जर्मनी फ्रान्सला मोटारी विकतो, फ्रान्स जर्मनीला मोटारी विकतो, तेव्हा दोघांनाही वेड लागलंय. टाळ्या पडल्या. मी एकतीस वर्षं उच्च माध्यमिकात अर्थशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे राहवलं नाही, हात वर केला. माइक माझ्यापर्यंत आला आणि तोंडाशी यायच्या आत परतही गेला. “मास्तर, पुस्तकी नको,” असं व्यासपीठावरून ऐकवण्यात आलं. मंडप हसला. माझा भाचासुद्धा हसला.

तेव्हापासून मी सुधारलोय. ज्यांना असंच व्याख्यान ठोकायचं असेल त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल देतो.

सुरुवात पोर्तुगालपासून करा. गोव्यात ते लगेच खपतं. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये सांगितलंच आहे की इंग्लंडने कापड विणावं, पोर्तुगालने दारू गाळावी आणि दोघांनी अदलाबदल करावी. मग आपलं उदाहरण जोडा: मुरगावातून लोहखनिज जपानला गेलं, तिकडून यंत्रं आली. ज्याच्याकडे जे नाही ते त्याने घ्यावं. इथवर सगळं बरोबर आहे, म्हणून इथेच पुस्तक मिटा. पुढची दोनशे वर्षं उघडलीत तर त्रास होईल.

‘मोटार’ हा शब्द कायम एकवचनात वापरा.

आंबाही तसाच. मानकुराद आणि मुसराद यांत फरक आहे असं कुणी म्हणालाच, तर त्याला खाली बसवा.

आता मुख्य सूचना. आपल्या गावात जे जे खपतं ते ते सगळं आपल्याच गावात झालं पाहिजे, असा ठराव घ्या. सुरुवात पोदेरापासून करा. समजा मांद्र्यात एक पोदेर आहे आणि मोरजीत एक. दोघंही सारखेच कुशल, पीठ सारखं, भट्टी सारखी, लाकूड एकाच वखारीतलं. म्हणजे रिकार्डोच्या हिशेबाने या दोन गावांत देवाणघेवाण व्हायचं कारणच नाही. उत्तम. दोन्ही गावांत रोज हजार-हजार नग खपतात आणि लोकांना चार प्रकार लागतात: पाव, उंडो, पोई आणि काकणां. ठरावाप्रमाणे दोघांनीही चारही प्रकार करावेत, प्रत्येकी अडीचशे.

आता या पोदेराच्या खर्चाकडे बघूच नका. बघितलंत तर असं दिसेल की एका प्रकाराची तयारी म्हणजे वेगळं पीठ मळणं, वेगळं फुगवणं, भट्टीचा ताव बदलणं, माणूस अडकून राहणं. शंभर नग काढा की पाचशे, हा खर्च तेवढाच. हिशेबापुरता तो प्रकारामागे ५०० रुपये धरू. त्यावर नगामागे पीठ-मीठ ३ रुपये. चार प्रकारांची तयारी झाली २००० रुपयांची, ती हजार नगांवर वाटली की नगामागे २ रुपये. नग पडला ५ रुपयांना.

ठराव मोडला तर काय होतं पाहा. मांद्रेकर फक्त पाव आणि पोई करतो, पाचशे-पाचशे. मोरजीकर उंडो आणि काकणां, तेही पाचशे-पाचशे. निम्मा माल सकाळी सायकलवरून एकमेकांच्या गावात जातो. तयारी आता दोनच प्रकारांची, १००० रुपये, म्हणजे नगामागे १. नग पडला ४ रुपयांना, आणि दोन्ही गावांना चारही प्रकार मिळाले. वाहतुकीला रुपयाच्या आतच खर्च आला, तर उरलेली बचत खरी. वाटलं तर दोघांनी तीन-तीन प्रकार करावेत: मिळून सहा होतात, तयारी १५०० रुपयांची, नग साडेचार रुपयांना. भाव पूर्वीपेक्षा कमी आणि ताटात दोन प्रकार जास्त. हे करताना कुणीही जास्त हुशार झालेलं नाही, कुणाच्या गावात गहू पिकायला लागलेला नाही. फक्त एका प्रकाराची रास मोठी झाली.

आणि मोरजीकराने उंडोच का घ्यावा? काही कारण नाही. त्याच्या आजाने आधी सुरू केला असेल. उलट झालं असतं तरी हिशेब हाच होता. कुणी काय करावं हे निसर्ग ठरवत नाही, बऱ्याचदा योगायोग ठरवतो, आणि एकदा रास मोठी झाली की ती तिथेच राहते. हे ज्यांना पटत नाही त्यांनी वाटेवर उभं राहावं आणि दोन सायकली एकमेकींना ओलांडताना दिसल्या की बोंब मारावी, “अरे, पोदेर पोदेराला पाव विकतोय!” सायकलींच्या जागी मोटारी भरलेल्या दोन बोटी घाला, की गेल्या रविवारचं व्याख्यान तयार.

हे सगळं नीट मांडायला मात्र १९७० चं दशक संपत यावं लागलं, कारण रास वाढली की खर्च उतरतो हे मान्य केलं तर एकच दुकान सगळा बाजार खाईल, अशी जुन्या गणिताची अडचण होती. १९७७ मध्ये अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी ती सोडवली: गिऱ्हाइकाला प्रकार हवे असतात, म्हणून प्रत्येक दुकान आपल्या प्रकारापुरतं राजा असतं आणि शेजारच्याशी स्पर्धाही करतं. १९७९ मध्ये पॉल क्रुगमन यांनी हेच दोन देशांना लावलं आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दीक्षित मुंबईत जन्मलेले, म्हणजे स्वावलंबनवाल्यांनी टाळी वाजवायला हरकत नव्हती. पण पुस्तकी नको.

पुढची सूचना: कॅनडाचं नाव काढू नका. तिथे हा प्रयोग गावभर नव्हे, देशभर झालेला आहे. कॅनडाने मोटारींवर जकात लावली होती, म्हणून अमेरिकन कंपन्यांनी जकातीच्या आत कॅनडातच कारखाने घातले. बाजार अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि मॉडेलं जवळजवळ सगळी तिथेच करायची. म्हणजे आमचा चार प्रकारांचा पोदेर. एक मॉडेल संपलं की यंत्रं थांबवून दुसऱ्यासाठी बदलायची, सुट्या भागांचे ढीग साठवायचे. परिणाम असा की तिथल्या कामगाराची उत्पादकता अमेरिकन कामगाराहून सुमारे ३० टक्के कमी. कामगार आळशी होते का? तीच माणसं, तीच यंत्रं, तोच मालक.

१९६५ मध्ये दोन देशांनी करार करून मोटारी आणि त्यांचे सुटे भाग यांवरची जकात, काही अटी ठेवून, काढली. कॅनडातला मोटारधंदा बुडाला नाही. कारखान्यांनी मॉडेलं कमी केली, प्रत्येकाची रास वाढवली, आणि बाकीची मॉडेलं सीमेपलीकडून मागवली. १९६२ मध्ये कॅनडाने अमेरिकेला १.६ कोटी डॉलरचा मोटारींचा माल विकला होता आणि ५१.९ कोटींचा विकत घेतला होता. १९६८ मध्ये विकला २४० कोटींचा, घेतला २९० कोटींचा. आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथली उत्पादकता अमेरिकेच्या जवळपास पोचली.

हे मोजायचं एक साधं माप आहे, ग्रुबेल आणि लॉइड यांचं. निर्यात आणि आयात यांतला फरक दोन्हींच्या बेरजेने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. सगळा माल एकाच दिशेने जात असेल तर शून्य येतं, जेवढा जातो तेवढाच येत असेल तर एक. कॅनडाचं १९६२ चं उत्तर येतं सुमारे ०.०६, १९६८ चं ०.९१. आमच्या लोहखनिजाचं उत्तर शून्यालाच चिकटलेलं, कारण खनिजाच्या बदल्यात जपान खनिज पाठवत नव्हता. दोन वेगळ्या तऱ्हांचा व्यापार, दोन वेगळी कारणं. एवढंच मला माइकवर सांगायचं होतं, दोन मिनिटांत.

आणि मला विरोधही करता आला असता, तो कुणी केला नाही याचंच जास्त वाईट वाटतं. कुणी तरी विचारायचं होतं की मास्तर, हे माप फसवत नाही का? फसवतं. ‘मोटारींचा माल’ एवढी मोठी टोपली घेतली की इकडून इंजिन गेलं आणि तिकडून तयार गाडी आली तरी तो सारख्या मालाचा व्यापार दिसतो. प्रत्यक्षात ती एकाच गाडीची दोन टप्प्यांतली वरात असते. म्हणून टोपली लहान करून पुन्हा मोजावं लागतं. कुणी विचारायचं होतं की काकणां चार दिवस टिकतात, पण पाव संध्याकाळी वातड होतो, मग तो किती लांब जाणार? बरोबर. जिथे वाहतूक रासेची बचत खाऊन टाकते तिथे गावातलाच पोदेर बरा. कुणी विचारायचं होतं की चार गावांचे चार पोदेर असले आणि वाटा मोकळ्या झाल्या, तर त्यांतला एखादा बुडणार नाही का? बुडू शकतो. बाकीच्या तिघांकडे त्याच्या कामगाराला भट्टीचंच काम मिळायची शक्यता असते, कारण धंदा तोच राहतो. गिरणी बंद पडून शेतीत जावं लागण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं. पण मालकाचं कर्ज कुणी फेडत नाही.

हे प्रश्न होते हो! यांवर दीड तास कसा गेला कळलं नसतं. त्याऐवजी तुम्ही काय केलंत? दोन देश मूर्ख आहेत असं एका माणसाने सांगितलं आणि दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतली निम्मी माझ्याकडे शिकलेली. लाज वाटली मला. तुम्हाला कळत नाही असं नाही. जत्रेत खाजं घेताना तुम्ही तीन दुकानं चाखून चौथ्याकडे जाता. घरात एकाला पोई लागते, दुसऱ्याला काकणां, तिसरा पावाशिवाय जेवत नाही, आणि व्यासपीठावर कुणी तरी ‘सगळं सारखंच’ म्हणाला की माना डोलावता.

आणि वक्तेमहाशय, तुम्ही. कार्यक्रमानंतर चहाला बसलात तेव्हा मी समोरच्याच बाकावर होतो. मुलाने भाजीबरोबर पाव आणून ठेवला. ताजा होता, गावातल्याच भट्टीतला. तुम्ही ताटली मागे सरकवलीत आणि विचारलंत, “उंडो नाही का?” उंडो आमच्या वाड्यावर होत नाही. आमचा पोरगा भर दुपारी स्कूटर काढून शेजारच्या गावात गेला आणि चार घेऊन आला. तुम्ही दोन खाल्लेत.