पिव्होटची रेघ नेमकं काय सांगते? नाशिकच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजला प्रतिवाद

«क्रिप्टो चोवीस तास चालू असतं, म्हणून पिव्होट इथे शेअर बाजारापेक्षा भारी चालतो. रोज सकाळी उठलं की लेव्हल काढायच्या. भाव पिव्होटला परत येतोच येतो. S1 ला घ्यायचं, R1 ला विकायचं. बिटकॉइन असो नाहीतर कुठलंही कॉइन, दिवसाचा एक टक्का कुठे जात नाही.»

हा मेसेज नाशिकमधल्या अनेक ट्रेडिंग ग्रुपांवर फिरतो आहे आणि नवी मुलं त्यावर खरे पैसे लावत आहेत. म्हणून एकेक मुद्दा आकड्यांनिशी तपासू. सूत्र सगळ्यांना माहीत आहे, तरी समोर असू द्या. H, L आणि C म्हणजे कालचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव. P म्हणजे पिव्होटची रेघ, R म्हणजे तिच्या वरच्या अडथळ्याच्या रेघा आणि S म्हणजे खालच्या आधाराच्या.

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2P - L      S1 = 2P - H
R2 = P + (H - L) S2 = P - (H - L)
```

समजा काल बिटकॉइनचा उच्चांक 64,000 डॉलर होता, नीचांक 62,000 आणि बंद 63,600. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. मग P येतो 63,200, R1 64,400, S1 62,400, R2 65,200 आणि S2 61,200.

आधी परत येण्याबद्दल, कारण सगळा विश्वास त्यावर उभा आहे. शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला उघडताना भाव वर किंवा खाली उडी मारून उघडू शकतो. त्या उडीत रात्रभरची बातमी असते. त्यामुळे बाजार पिव्होटच्या वर उघडला की खाली, याला तिथे अर्थ असतो. क्रिप्टोत कालचा बंद भाव हाच आजचा सुरुवातीचा भाव. मधे अंतरच नाही. सूत्र उलगडून पाहा: सुरुवातीचा भाव आणि P यांच्यातलं अंतर (2C - H - L) / 3 इतकं येतं, आणि ते कालच्या रेंजच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच होऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात रेंज 2,000 आहे आणि अंतर फक्त 400.

म्हणजे दिवस सुरू होतानाच रेघ हाताशी असते. चोवीस तासांत भाव इतक्या जवळच्या रेघेला शिवून जाणार, यात रेघेचं कर्तृत्व काही नाही. सुरुवातीच्या भावापासून तेवढ्याच अंतरावर, पण उलट्या बाजूला दुसरी एक रेघ ओढा, इथे 64,000 ला, आणि महिनाभर रोज दोन्हींची नोंद ठेवा. P ला स्पर्श होण्याचं प्रमाण आपण मनाने ओढलेल्या रेघेपेक्षा स्पष्ट जास्त आलं, तरच P मध्ये काही आहे असं म्हणता येईल. ही तुलना न करता दाखवलेले स्क्रीनशॉट काहीही सिद्ध करत नाहीत. आणखी एक गोष्ट याच सूत्रातून निघते. क्रिप्टोत दिवस P च्या वर सुरू झाला, याचा अर्थ काल बंद भाव कालच्या रेंजच्या मध्याच्या वर होता, एवढाच. आजची दिशा त्यात नाही.

आता घ्यायच्या आणि विकायच्या जागा. R1 मधून S1 वजा केला की बरोबर H - L उरतं. इथे 64,400 वजा 62,400, म्हणजे 2,000. दोन रेघांमधली पट्टी कालच्या अख्ख्या रेंजएवढी असते. सौदा पूर्ण व्हायचा तर भाव आधी 63,600 वरून 1,200 खाली यायला हवा, मग तिथून पूर्ण 2,000 वर जायला हवा, आणि हे सगळं त्याच दिवसात. शांत दिवशी एवढी चाल होत नाही. जोराच्या दिवशी होते, पण तेव्हा S1 ला पोचलेला भाव बहुधा वळायच्या तयारीत नसतो. S1 ला घेतलंच, तर पहिलं टार्गेट P ठेवणं सयुक्तिक आहे. इथे ते 800 डॉलर होतात. स्टॉपलॉस S1 आणि S2 च्या मध्याखाली, 61,800 च्या जरा खाली, लावला तर जोखीम 600 च्या थोडी वर जाते. हे प्रमाण मोहात पाडण्यासारखं नाही, आणि खर्च अजून यात धरलेला नाही.

बंद भावाचा प्रश्न याहून खोल आहे. लासलगावला कांद्याचा लिलाव संपला की त्या दिवसाचा भाव ठरतो, कारण घेणारे-विकणारे खरोखर थांबतात. क्रिप्टोत कोणी थांबत नाही. बंद ही घड्याळातली एक वेळ आहे. बहुतेक मोठ्या एक्सचेंजांचा दिवस यूटीसीच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. काही भारतीय ॲप आणि लोकांनी स्वतः बनवलेल्या एक्सेल शीट मात्र आपल्या रात्रीच्या बारापासून दिवस मोजतात.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा 64,000 चा उच्चांक रात्री दोन वाजता लागला. रात्री बाराला दिवस संपवणाऱ्या शीटमध्ये तो कालच्या दिवसात येतच नाही. तिथे उच्चांक 63,100 राहिला, नीचांक तोच 62,000, आणि बाराचा भाव 62,850 होता असं धरा. मग P होतो 62,650, R1 63,300 आणि R2 63,750. पहाटे साडेपाचला भाव 63,600 आहे. एका माणसाला तो R1 च्या 800 डॉलर खाली दिसतो, दुसऱ्याला R1 तोडून वर गेलेला. एक अजून वर वाव आहे म्हणतो, दुसरा ब्रेकआउट झाला म्हणतो. भाव एकच, नाशिकही एकच.

रेघेला जो थोडाफार मान मिळतो, तो अनेक जण तीच रेघ बघतात म्हणून मिळतो. त्यामुळे निवडायचंच तर पहाटे साडेपाचचा बंद घ्या. अनेक मोठ्या एक्सचेंजांवर परपेच्युअल फ्युचर्सचं फंडिंगही, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या बाजूंमधली ठरावीक वेळची देवघेव, साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ या वेळांना लागतं. तुमचा चार्ट कोणता दिवस धरतो हे बघायला एका तासाचा चार्ट उघडा, त्यावर `Pivot Points Standard` लावा, सेटिंगमध्ये `Pivots Timeframe` हे `Daily` करा आणि नव्या दिवसाची रेघ कुठल्या कॅंडलला सुरू होते ते पाहा. ट्रेडिंगव्ह्यूवर टाइमझोन बदलला की खालची घड्याळं बदलतात, क्रिप्टोच्या दैनिक कॅंडलची हद्द बदलत नाही. बरेच जण इथेच फसतात.

10 ऑक्टोबर 2025 ला अमेरिकेने चीनवर वाढीव आयातशुल्काची घोषणा केली आणि क्रिप्टो बाजार कोसळला. मोठी पडझड आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, 11 तारखेच्या पहाटे झाली. यूटीसीच्या हिशेबात ती 10 तारखेचीच. बाराला दिवस बदलणाऱ्या शीटवर 11 तारखेच्या रेघा पडझडीच्या आधीच्या आकड्यांवर आखलेल्या होत्या आणि उजाडायच्या आत निरुपयोगी झाल्या. यूटीसीच्या चार्टवर त्याच पडझडीने रेंज इतकी फुगली की नव्या रेघा भावापासून फार दूर गेल्या. त्या रात्री बिटकॉइनचा नीचांकही एक्सचेंजागणिक काही हजार डॉलरांनी वेगळा नोंदला गेला. L च वेगळा असेल, तर R1 आणि P दोन्ही वेगळे येणार.

पिव्होट कधी बंद पडतो याचं मूळ यातच आहे: आजची हालचाल कालच्या मापाची असेल, हे तो गृहीत धरतो. रविवारी रेंज 600 डॉलरची राहिली, उच्चांक 63,300, नीचांक 62,700, बंद 63,000, तर सोमवारच्या रेघा तीन-तीनशे डॉलरवर दाटीने बसतात. अमेरिकेच्या महागाईचा आकडा उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतो. तशा आकड्यावर भाव 2,000 ने सरकला, तर S1, S2, S3 एकाच कॅंडलमध्ये ओलांडले जातात आणि S1 ला घेणाऱ्याला स्टॉपलॉस लागण्याआधी विचार करायलाही वेळ मिळत नाही. उलट 6,000 च्या रेंजनंतर S1 आणि R1 इतके लांब जातात की भाव दिवसभर मधेच तरंगतो.

म्हणून सकाळी रेघा काढण्याआधी कालची रेंज 14 दिवसांच्या एटीआरशी, म्हणजे सरासरी दैनिक रेंजशी, ताडून पाहा. ती साधारण निम्म्यापेक्षा कमी किंवा दीडपटीपेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी रेघा सोडून द्या. हे आमचं ढोबळ माप आहे, पण काही न बघता उतरण्यापेक्षा पुष्कळ बरं. दिवसा एक खूण लक्षात ठेवा: आजची रेंज कालच्या रेंजपेक्षा मोठी झाली, की गृहीतक मोडलं. त्यानंतर उरलेल्या रेघांवर नवा सौदा नको. महागाईचा आकडा किंवा फेडचा निर्णय असलेल्या दिवशी तर संध्याकाळ होण्याआधीच हात आखडता घ्यावा.

छोट्या कॉइनबद्दल लांबण लावायची गरज नाही. तिथे ऑर्डर बुक पातळ असतं, एका मोठ्या मार्केट ऑर्डरने भाव क्षणभर लांब जाऊन परत येतो, कॅंडलला लांब शेपटी पडते आणि तिचंच टोक उद्याची H किंवा L बनतं. दोन एक्सचेंजांचे पिव्होट शेजारी ठेवा. फरक P आणि R1 मधल्या अंतराच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठा असेल, तर त्या कॉइनला रेघ नाहीच असं समजा.

राहिला रोजचा एक टक्का. भारतात स्पॉटमध्ये क्रिप्टो विकताना विक्रीच्या पूर्ण रकमेवर 1 टक्का टीडीएस कापला जातो, नफा होवो वा तोटा. तो पुढे कराच्या हिशेबात धरला जातो किंवा परत मिळतो, पण तोवर भांडवल अडकतं. एक लाख रुपये दिवसाला एकदा फिरवले आणि भाव जागचा हलला नाही, तरी 20 सौद्यांनंतर हातात सुमारे 81,800 उरतात. एक्सचेंजची फी वेगळी. याहून जड गोष्ट ही, की 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर आहे, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. वर्षभरात पिव्होटवरच्या यशस्वी सौद्यांतून 10,000 मिळाले आणि फसलेल्यांत 9,000 गेले, तर कर 10,000 वर बसतो. तो 3,120 रुपये होतो. खिशात आलेले असतात 1,000.