जागा आहे, पण रकाना नाही

रिकाम्या पेन ड्राइव्हशी घातलेला वाद सर्वांत अपमानास्पद असतो, कारण त्यात पुरावा पूर्णपणे आपल्या बाजूचा असतो आणि तरीही निकाल आपल्या विरोधात लागतो. मला एका समारंभाचा दोन तासांचा व्हिडिओ मामांना द्यायचा होता. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, कोराकरकरीत. फाइल ४ अब्ज ७० कोटी बाइट्सची, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने सुमारे ४.३७ जीबी. असे सहा व्हिडिओ सहज मावले असते. परंतु कॉपीचा आदेश देताच, एक बाइटही न हलवता, `The file is too large for the destination file system` असा संदेश समोर आला.

आपण हा संदेश 'फाइल मोठी आहे' इथपर्यंतच वाचतो आणि पेन ड्राइव्हवर आणखी काय पुसता येईल ते शोधू लागतो. खरी गोम शेवटच्या दोन शब्दांत आहे. तक्रार पेन ड्राइव्हची नसून त्याच्यावर फायलींची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेची आहे. ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून `Properties` उघडले, तर तिथे या व्यवस्थेचे नाव दिसते: `FAT32`.

ही व्यवस्था १९९६ साली विंडोज ९५ च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्या नोंदवहीत प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइट्सची एक मुख्य ओळ असते आणि त्या ओळीतले शेवटचे चार बाइट फाइलचा आकार लिहिण्यासाठी राखून ठेवलेले असतात. चार बाइट म्हणजे ३२ बिट, आणि ३२ बिटांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही आहे. फाइल याहून एका बाइटने जरी मोठी झाली, तरी तिचा आकार लिहायला रकाना उरत नाही. मग ड्राइव्ह ३२ जीबीचा असो की त्याच्या कितीतरी पट मोठा. माझ्या व्हिडिओचा आकार तिथे दडपून लिहिलाच असता, तर वरचा अंक गळून केवळ ४० कोटी ५० लाख बाइट्सची नोंद उरली असती आणि दोन तासांच्या समारंभातील जेमतेम दहा मिनिटांनाच अधिकृत अस्तित्व लाभले असते. (समारंभातील भाषणे आठवता ही सोय मला मनापासून पटली होती.)

विंडोज निदान आधीच नकार देते. लिनक्सवर `cp` वापरणाऱ्या माझ्या मित्राला तेवढाही शिष्टाचार लाभला नाही. त्याची कॉपी बराच वेळ सुरळीत चालली, बरोबर मर्यादेपाशी येऊन `File too large` म्हणून थांबली आणि मागे एक अर्धवट फाइल ठेवून गेली. ती निदान तेवढी तरी दिसेल, ही आशाही फोल ठरली. कारण कॅमेऱ्यातून आलेल्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी असते आणि नेमकी तीच कापली गेली होती.

दरम्यान घरातून सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. मेहुण्यांनी फाइल झिप करण्यास सुचवले. व्हिडिओ मुळातच पिळून घट्ट केलेला असल्यामुळे झिपनंतर त्याचा आकार जवळपास होता तेवढाच राहिला; मेहुण्यांचा आत्मविश्वासही तेवढाच राहिला. मामांचे निदान मात्र ठाम होते: "मोठा पेन ड्राइव्ह घे." नोंदवहीतल्या रकान्याविषयी मी त्यांना सविस्तर सांगितले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि तोच सल्ला थोड्या मोठ्या आवाजात पुन्हा दिला.

खरा उपाय नोंदवही बदलण्याचा आहे. `exFAT` या व्यवस्थेत आकारासाठी आठ बाइट असतात, त्यामुळे आपल्या हयातीत ती अडचण पुन्हा येणार नाही. ड्राइव्हवरील मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा, उजवी कळ दाबून `Format` निवडावे आणि `File system` या यादीतून `exFAT` घ्यावे. मजकूर हलवणे शक्यच नसेल, तर ड्राइव्हचे अक्षर पाहून विंडोजला पुढील आज्ञा देता येते; ती ड्राइव्हला `exFAT` ऐवजी `NTFS` या तिसऱ्या व्यवस्थेत नेते आणि तिथेही ही मर्यादा आड येत नाही. तिने मजकूर जागेवर राहतो, पण त्याच मार्गाने `FAT32` कडे परतता येत नाही.

```
convert E: /fs:ntfs
```

मी `exFAT` केले, व्हिडिओ निमूटपणे कॉपी झाला आणि मी विजयी मुद्रेने मामांकडे गेलो. त्यांच्या जुन्या टीव्हीने ड्राइव्ह ओळखण्यास साफ नकार दिला. अनेक जुन्या टीव्हींना `FAT32` एवढीच नोंदवही वाचता येते, त्यामुळे ज्या मर्यादेतून सुटका करून घेतली तिच्याच आश्रयाला जाणे भाग पडले. ड्राइव्ह पुन्हा `FAT32` केला, पुन्हा एनकोड न करता व्हिडिओ मध्यावर कापला आणि साधारण सव्वादोन-सव्वादोन जीबीचे दोन भाग त्यावर चढवले. एकूण बाइट जवळपास तेवढेच होते. या वेळी कोणीही हरकत घेतली नाही.

पहिला भाग संपून पडदा काळा होताच मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी तुला सांगत होतो, मोठा घे म्हणून."