खुर्चीपक्ष आणि शिडीपक्ष

पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतात, पण सुट्टीत पहाटे चारला उठणार की नऊला, हे कोणी विचारत नाही. मी खुर्चीपक्षातला. समोर पाणी, हातात चहा आणि डोक्याला ताप नाही, झाली माझी सहल. शिडीपक्षाला मात्र घाम गाळल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत.

दोघांनाही पटेल असं ठिकाण म्हणजे भंडारदरा. मुक्काम तिथल्या शेंडी गावात. एकाला जलाशय, दुसऱ्याला जवळच्या बारी गावातून चढायला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. फक्त ‘दोघंही अर्ध्यापर्यंत जाऊ’ असला समझोता करू नये. लोखंडी शिडीपाशी खुर्चीपक्ष म्हणतो, “झालं की अर्धं!” शिडीपक्ष म्हणतो, “आता आलोच आहोत तर...” पुढचं बोलणं घरीही होऊ शकतं, त्यासाठी डोंगर लागत नाही.

खरी मेख क्रमात आहे. शुक्रवारी रात्री पोचायचं आणि चढाई शनिवारीच उरकायची. रविवारी पहाटे पाचला चढायला लागलं, तर वर जायला साडेतीन तास, माथ्यावर अर्धा, उतरायला अडीच. शेंडीत परतेपर्यंत बारा वाजतात. खोली बहुतेक ठिकाणी दहा-अकरालाच सोडायची असते. मग आरामाला आलेला माणूस दोन बॅगा आणि ओले टॉवेल सांभाळत काउंटरसमोर बसतो.

शनिवारी पहाटेचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. गजर थरथरीवर ठेवता येतो, पिशवी नाही. चारच्या अंधारात चिवड्याची पुडी शोधणाऱ्या हाताचा आवाज पत्र्यावरच्या पावसाइतका होतो. म्हणून सॅक रात्रीच भरून दाराबाहेर ठेवायची, त्यात माणशी तीन लिटर पाणी. वाटाड्या आणि जीपही आदल्या संध्याकाळीच ठरवावी. स्वतःची गाडी नेली तर उतरून आलेला पाय क्लचवर लटपटतो, आणि मागे राहिलेला खोलीत अडकतो तो वेगळाच. डोंगरात फोन लागेलच असं नाही, तेव्हा निघतानाच ठरवून टाकावं: एकपर्यंत वाट बघायची नाही, दोनपर्यंत काळजी करायची नाही, दोननंतर जीपवाल्याला गाठायचं.

आता शनिवारचा खरा फायदा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन तोलतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं मात्र लगेच भरात येत नाही, त्याला एक-दोन दिवस लागतात. शनिवारी संध्याकाळी शिडीपक्ष रतनगडाचे बेत आखत असला तरी वाद घालू नये. रविवारी सकाळी तोच भिंत धरून पलंगावरून उठतो, व्हरांड्यात येतो आणि हळूच विचारतो,

“इथे आणखी एक खुर्ची मिळेल का रे?”