बंद खोलीतला वास

"मामा, मंगळवारी पुण्याला इंटरव्ह्यू आहे, आणि त्याआधी रविवारी पाहुणे मला बघायला येताहेत. सेंट लावू का नको? लावला तर कोणता अन् किती? इथं घरात प्रत्येकाचं वेगळंच चाललंय."

मंगळवारी काहीही लावू नकोस. रविवारची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मी कॅनडात हॅलिफॅक्सला राहतो. या शहरात दवाखाने, विद्यापीठं, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी सुगंध लावून येऊ नका, असं १९९०च्या दशकापासून सांगितलं जातं. मी नवा आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या मुलाखतीला निघताना जळगावहून आणलेलं हिना अत्तर दोन्ही कानांमागे लावलं आणि उरलेलं बोट लोकरी कोटाच्या कॉलरला पुसलं. आपल्याकडे हिना थंडीतलंच अत्तर, आणि बाहेर बर्फ पडत होता. मुलाखतीची खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी, खिडक्या बंद, हीटर सुरू. दहा मिनिटांत समोरच्या बाईंना खोकला लागला. त्यांनी दार उघडलं, पाणी प्यायल्या आणि शेवटी माफी मागून आम्हाला मोठ्या खोलीत नेलं. मुलाखतीच्या ईमेलमध्ये अगदी खाली सुगंध लावून न येण्याची विनंती होती. ती मी वाचली नव्हती. नोकरी मिळाली नाही. कारण तेच होतं का, हे मला कधीच कळलं नाही, पण त्या बाईंचे लाल झालेले डोळे अजून आठवतात. कोटाचा वास उन्हाळा आला तरी गेला नाही. कातडीवरचं अत्तर अंघोळीने बरंचसं निघतं, लोकरीत मुरलेलं निघत नाही.

ताईच्या घरचा वाद मी फोनवर ऐकला. दाजींचं म्हणणं, स्वस्त सेंट डोक्यात जातो, महागडा हलका असतो, तेव्हा चांगला घ्या आणि बिनधास्त लावा. यातलं अर्धं खरं आहे. स्वस्त बाटलीतला पहिला भपका बोचरा असतो खरा. पण महागड्या बाटलीत सुगंधी तेलाचं प्रमाण बहुधा जास्तच असतं आणि तो वास दिवसभर हटत नाही. बंद केबिनमध्ये त्रास होतो तो या न हटण्याचा. आजोबांनी स्वतःचंच सांगितलं. देवघरात धूप पेटला की त्यांना ओसरीवर जाऊन बसावं लागतं, छातीत घरघर सुरू होते. घरात कुणी ते मनावर घेतलं नाही, पण मला सगळ्या चर्चेत तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. आजोबा उठून ओसरीवर जाऊ शकतात. मुलाखत घेणारा माणूस अर्धा तास खुर्ची सोडू शकत नाही, आणि त्याला दमा किंवा अर्धशिशी आहे का, हे उमेदवाराला कळायला मार्ग नसतो. डेट्रॉईटमध्ये एका नगरपालिका कर्मचारी बाईंनी सहकाऱ्याच्या सेंटच्या त्रासावरून दावा लावला होता. तो २०१० मध्ये शहराने एक लाख डॉलर देऊन मिटवला. आपल्याकडे कुणी कोर्टात जाणार नाही, पण डोकं तिथंही तसंच दुखतं.

यावर ताईचा प्रश्न रास्त होता. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ वर जातो, तिथं काहीच न लावता पोरगी गेली तर घामाचं काय? इथे मी माझ्या शाळासोबत्याला फोन केला. फुले मार्केटमध्ये त्याचं अत्तराचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक तोडून खरं सांगणारा माणूस आहे तो. म्हणाला, "भो, घामावर सेंट मारणं म्हणजे दोन वास करणं. घामाला स्वतःचा वास फारसा नसतोच. काखेतले जंतू तो तयार करतात. आधी तिकडं बघ."

म्हणून मंगळवारची तयारी सोमवारच्या रात्रीपासून धर. ज्याच्यावर घाम कमी करणारा असं लिहिलेलं असतं, तो रोल-ऑन रात्री अंघोळीनंतर काख पूर्ण कोरडी करून लाव. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे तो नीट बसतो, आणि सकाळच्या अंघोळीने त्याचं काम जात नाही. घेताना पाठीमागची यादी वाच. पुढे बिनवासाचा असं छापलेलं असलं, तरी मूळचा वास झाकायला आत सुगंध घातलेला असू शकतो. कुर्ता सुती घे. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास अडकून बसतो, आणि धुतलेला कपडाही अंग तापलं की पुन्हा बोलायला लागतो.

ताई, हे तुझ्यासाठी. मुलाखतीचा ड्रेस कपाटात डांबरगोळ्यांत ठेवला असशील, तर आजच काढ आणि दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टांग. मुलाखतीला आलेल्या पोरांच्या अंगाला सेंटपेक्षा डांबरगोळी, केसांचं चमेली तेल आणि कपड्यांना घातलेलं सुगंधी पाणी यांचाच वास जास्त येतो, आणि घरच्यांना तो येत नाही, कारण नाक त्याला सरावलेलं असतं. आदल्या दिवशी भरीत करायचं असेल तर वांगी भाजताना पोरीला चुलीपाशी बसवू नकोस, धूर केसांत राहतो. रात्रीच्या गाडीने जाताना ड्रेस पिशवीत बंद ठेवायचा, पुण्यात उतरल्यावर घालायचा.

नाक सरावतं, हीच यातली खरी अडचण आहे. आपण लावलेला सुगंध काही मिनिटांत आपल्याला येईनासा होतो, मग माणूस अजून एक फवारा मारतो. मित्राच्या दुकानात मे महिन्यात परत येणारी निम्मी गिऱ्हाइकं वास टिकत नाही म्हणतात, आणि ती दारात उभी असतानाच त्याला त्यांचा वास आलेला असतो. त्यामुळे स्वतःच्या नाकावर विसंबू नकोस. बाहेरून आलेल्या शेजारच्या काकूंना हातभर अंतरावर उभं कर आणि विचार.

रविवारी मात्र मी हरकत घेणार नाही. भाचीच्या आत्याला तर सगळा प्रश्न रविवारचाच वाटला. पाहुण्यांना अत्तर-गुलाबपाणी देणारी आपली माणसं, पोरगी कोरडी कशी बसवायची, म्हणाली. तिचं मला पटतं. घर आपलं, दारं-खिडक्या उघड्या, आणि ज्याला नको त्याला अंगणात जाता येतं. लिंबू-संत्र्याच्या जातीचा हलका सेंट असेल, तर कपड्याखाली छातीवर एकच फवारा, पाहुणे यायच्या तासभर आधी. हे वास लवकर उडतात, पाहुणे येईपर्यंत जेमतेम उरतील. मग लावायचा कशाला, असं भाची म्हणेल. स्वतःला बरं वाटावं म्हणून, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे. वाळ्याचं अत्तर थंड वाटतं म्हणून आत्या तेच सुचवते आहे, पण वाळा फार हळू उडतो. रविवारी लावलेला कपड्यावर मंगळवारीही सापडेल. त्या दिवशीची ओढणी पुण्याच्या पिशवीत जाऊ देऊ नकोस.

राहिला गजरा. मोगऱ्याचा गजरा हाही सुगंधच, आणि बंद खोलीत तो सेंटहून कमी नाही. आत्याला रविवारी गजरा हवाच आहे, आजोबांना मोगऱ्याचा त्रास होतो की फक्त धुराचा, हे कुणी अजून विचारलेलं नाही. ते आधी विचारा. भाचीचा नंतर एवढाच निरोप आला, "मंगळवारचं ठरलं. रविवारचं आई अन् आत्याचं चालू आहे."